टॉवेलची ऑर्डर आणि तारखांच्या पट्ट्या

कामाची यादी. सोलापुरातल्या एखाद्या टेरी टॉवेलच्या कारखान्याला जानेवारी २०२६ ची ऑर्डर आली आहे असे धरू. सूत रंगवायला ४ दिवस, बीम भरायला ३, विणकामाला ८ आणि शिलाई, तपासणी, पॅकिंग मिळून ३. टॉवेलला दोन बीम लागतात, एक जमिनीच्या ताण्याचा आणि दुसरा फंद्यांचा. दोन्ही भरल्याशिवाय माग सुरू होत नाही. एकूण दिवस १८. सोमवार, ५ जानेवारीला काम सुरू केले आणि बोटांवर मोजले, तर २२ तारखेला माल तयार. ही तारीख चुकीची आहे आणि ती का चुकीची, हे पट्ट्यांचा तक्ता दाखवतो.

सुट्ट्या. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. तेव्हा १३, १४ आणि १५ जानेवारीला काम बंद धरू. २६ जानेवारी सुट्टी, शिवाय दर रविवार. या चार तारखा H2 ते H5 मध्ये लिहायच्या.

रकाने. पहिल्या ओळीत मथळे. A मध्ये काम, B मध्ये सुरुवात, C मध्ये कामाचे दिवस, D मध्ये शेवट, E मध्ये पट्टीची लांबी. B2 मध्ये ५ जानेवारी हाताने टाकायची, बाकी सूत्रे:

```
D2: =WORKDAY.INTL(B2-1,C2,11,$H$2:$H$5)
E2: =D2-B2+1
B3: =WORKDAY.INTL(D2,1,11,$H$2:$H$5)
```

यातला 11 म्हणजे फक्त रविवार सुट्टीचा. सूत्रे खाली ओढली की रंगकाम ८ तारखेला संपते आणि बीम १२ ला भरून होतात. विणकाम यात्रा उलटल्यावर १६ ला सुरू होऊन २४ ला संपते, पॅकिंग २७ ते २९.

E रकाना का. तारखांच्या अक्षाला सुट्टी कळत नाही, तो प्रत्येक दिवस सारखाच मोजतो. विणकामाचे दिवस ८ आहेत, पण मध्ये १८ तारखेचा रविवार येतो, म्हणून पट्टी ९ दिवसांची हवी. C रकाना लावला तर ती २३ तारखेलाच संपलेली दिसेल. तक्ता नीटनेटका दिसेल आणि खोटे सांगेल.

तक्ता. एक्सेलमध्ये रिकाम्या जागी क्लिक करून Stacked Bar घ्यावा. आधीच रकाने निवडले तर एक्सेल तारखांना कामाच्या नावांसोबत उभ्या अक्षावर बसवू शकते. Select Data मध्ये पहिली मालिका B, दुसरी E आणि नावांसाठी A द्यावा. मग B च्या पट्टीला No fill. ती पट्टी फक्त E ला योग्य तारखेपर्यंत ढकलते, दिसण्याची गरज नाही.

अक्ष. एक्सेलसाठी तारीख हा एक आकडा असतो. ५ जानेवारी २०२६ म्हणजे 46027. अक्षाचा Minimum तेवढा ठेवला नाही, तर तो शून्यापासून, म्हणजे १९०० सालापासून सुरू होऊ शकतो आणि आपले सगळे काम उजव्या कडेला चिकटते. Major 7 ठेवला की प्रत्येक उभी रेघ सोमवारी पडते. पहिले काम तळाशी दिसत असेल, तर उभ्या अक्षाला Categories in reverse order लावावे.

पट्ट्या मे महिन्यात गेल्या तर. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर 05/01/2026 चा अर्थ १ मे होतो आणि कोणतीही सूचना येत नाही. 13/01/2026 मात्र त्याला तारीख वाटतच नाही, तो मजकूर म्हणून पेशीच्या डावीकडे सरकतो. तारीख 2026-01-05 अशी टाकावी आणि `=ISNUMBER(B2)` ला TRUE येते का पाहावे. सुट्ट्यांच्या चारही पेशी तशाच तपासाव्यात.

दोन दिवस कुठून मिळतील. वरच्या मांडणीत शिलाई पूर्ण विणकाम होईपर्यंत थांबते. प्रत्यक्षात १६ तारखेपासून मागावरून माल उतरत असतो. शेवटच्या दिवसाचा माल तेवढा नंतर शिवायचा, असे धरले तर:

```
B5: =WORKDAY.INTL(D4,-1,11,$H$2:$H$5)
```

शिलाई २३ ला सुरू होते, २३ आणि २४ ला शिवून २७ ला संपते. तक्त्यात शेवटच्या दोन पट्ट्या एकमेकींवर येतात, आणि पाठवणीची तारीख ३० वरून २८ होते. अशी सूट फक्त शिलाईला मिळेल. बीम आणि विणकाम यांच्यात ती घेता येणार नाही, कारण दोन्ही बीम पूर्ण लागतात.

मर्यादा. उद्या रंगकाम एक दिवस लांबले, तर C2 मध्ये ५ लिहिताच सगळ्या पट्ट्या सरकतात. पण कोणते काम कशावर अवलंबून आहे, ते तक्त्यात रेघेने दिसत नाही, ते केवळ सूत्रांत असते. त्यामुळे B च्या पेशीत कोणी हाताने तारीख टाकली की साखळी तिथेच तुटते.

ग्राहकाला तारीख कळवताना C ची बेरीज करू नये, D ची शेवटची पेशी वाचावी. पाठवणी त्याच्या पुढच्या कामाच्या दिवशी.