आधी सीट, मग गाडी

मुलगी चार महिन्यांची झाली आणि घरात गाडीचा विषय निघाला. तिची नानी सुरतला. नंदुरबारहून नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली असा रस्ता. तोवर आम्ही भाड्याच्या गाडीने जायचो, बाळ अम्मीच्या मांडीवर. चाइल्ड सीटचं नाव काढताच अम्मी म्हणाल्या, "माँ की गोद से महफूज़ जगह कौनसी?"

त्यांना उलट उत्तर देणं जमलं नाही, पण हिशोब साधा आहे. ताशी पन्नासच्या वेगाने गाडी कशावर आदळली, तर सात किलोच्या बाळाला पुढे खेचणारी ओढ त्या क्षणी शंभर-दीडशे किलोंच्या घरात जाते. एवढं ओझं कोणाचेच हात धरू शकत नाहीत, आईचेही नाही.

म्हणून मी उलटं केलं. आधी सीट विकत घेतली आणि ती काखोटीला मारून शोरूममध्ये गेलो. सेल्समन हसला. सीट दोन भागांत होती: खाली गाडीला अडकणारा बेस आणि वर बाळासकट उचलता येणारी टोपली. टोपली मागे तोंड करून बसते, कारण धडकेत तान्ह्याची जड मान पुढे झटकण्याऐवजी पाठ, मान आणि डोकं तिघांचा भार सीटची पाठ एकदम घेते.

पहिली गाडी हॅचबॅक. माहितीपत्रकात 'आयसोफिक्स' लिहिलेलं. आयसोफिक्स म्हणजे मागच्या सीटची पाठ आणि बैठक मिळतात त्या खाचेत, गाडीच्या सांगाड्याला पक्क्या केलेल्या दोन लोखंडी कड्या. दोघींमध्ये २८ सेंटीमीटर अंतर. बेसचे दोन हात त्यांना धरतात. मी खाचेत बोटं घातली, कड्या सापडेनात. दहा मिनिटांनी कारण कळलं: शोरूमने 'फ्री' म्हणून चढवलेलं जाड सीट कव्हर. कव्हर काढायला लावलं, तेव्हा दोन्ही बाजूंना 'टक' असा आवाज आला आणि बेसवरच्या दोन्ही लाल खुणा हिरव्या झाल्या. एक हिरवी आणि एक लाल असेल, तर सीट बसलेलीच नाही, वरून कितीही घट्ट वाटो. आमच्या बेसला पुढून जमिनीवर टेकणारा पायही आहे. तो टेकतो तिथे जमिनीत सामान ठेवायचा झाकणाचा कप्पा असेल, तर झाकण दबतं आणि आधार फसवा ठरतो. म्हणून गालिचा उचलून खाली हात फिरवून पाहिला. कप्पा नव्हता.

इथवर सगळं जमलं. पण टोपली बसवल्यावर पुढची डावी सीट इतकी पुढे सरकवावी लागली, की बायकोचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. तसे टेकलेले गुडघे धडकेत पहिले फुटतात. 'मागे भरपूर जागा' हे मोठ्या माणसाच्या गुडघ्यांसाठी लिहिलेलं असतं. मागे तोंड असलेली टोपली त्याहून जास्त लांबी खाते. सेल्समनने लगेच उपाय सुचवला: सीट पुढेच लावा. मी नाही म्हणालो. समोरची एअरबॅग चालू असेल, तर ती उघडताना थेट टोपलीच्या पाठीवर म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते.

दुसरी गाडी सेडान. जागा ऐसपैस, कड्या लगेच सापडल्या. अडलं दारापाशी. छत मागे उतरतं, त्यामुळे टोपली आत नेताना कंबरेत वाकून, हात लांब करून वजन तोलावं लागत होतं. बायकोचं सिझेरियन झालेलं. तिने एकदा करून पाहिलं आणि पोटावर हात ठेवून बाजूला झाली. ती गाडी तिथेच संपली.

तिसरी उंच, छोटी एसयूव्ही. मागचं दार जवळजवळ काटकोनात उघडणारं. टाटांच्या अल्ट्रोझ आणि पंचची दारं नव्वद अंशांत उघडतात, अशी जाहिरात तुम्ही पाहिली असेल. ही सोय खरंच उपयोगाची. उभ्या उभ्या टोपली आत सरकली. पण आमची गल्ली अरुंद. तिथे नव्वद अंश भिंतीलाच लागतात. गल्लीत महत्त्वाचं असतं ते दार पहिल्या टप्प्यावर किती उघडून थांबतं आणि त्या फटीतून टोपली जाते का. टेस्ट ड्राइव्हच्या निमित्ताने गाडी घरापर्यंत आणली, भिंतीपासून नेहमीच्या अंतरावर लावली. टोपली आडवी गेली नाही, तिरकी करून गेली. बाळ आत असताना तिरकी करायची नाही, म्हणून आता गल्लीच्या तोंडाशी थांबून बाळाला बसवतो आणि मग निघतो.

तीच घेतली. सीट कव्हर न चढवता.

सुरतेला जाताना सोनगडला थांबतो, बाळाला बाहेर काढून अर्धा तास मोकळं ठेवतो, कारण तान्ह्याने त्या वळलेल्या अवस्थेत सलग दोन तासांहून जास्त राहू नये. तो अर्धा तास ती अम्मीच्या मांडीवर असते. निघताना आता त्या स्वतःच वाकून पाहतात, दोन्ही खुणा हिरव्या आहेत ना.