पुरुषाच्या छातीतली गाठ

स्तनाच्या कर्करोगाच्या दर १०० रुग्णांमध्ये साधारण एक पुरुष असतो. पुरुषालाही स्तनाग्रामागे थोडी स्तनग्रंथी असते, दुधाच्या नलिकाही असतात, आणि रोग बहुधा त्या नलिकांतच सुरू होतो, अगदी बायकांसारखा.

माझ्याकडे आलेले एक काका चौसष्ट वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले. डाव्या स्तनाग्रामागे शेंगदाण्याएवढी गाठ त्यांना दहा महिन्यांपूर्वीच लागली होती. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी ती कुणाला सांगितली नाही. पुढे बनियनवर रक्ताचे ठिपके दिसू लागले. बनियन धुणाऱ्या काकूंनी ते पाहिले आणि त्यांना घेऊन आल्या. तोवर स्तनाग्र आत ओढलं गेलं होतं आणि काखेत एक कडक गाठ हाताला लागत होती.

बायकांच्या मानाने पुरुषाच्या छातीवर मांस कमी, त्यामुळे गाठ खरं तर लवकर हाताला लागायला हवी. लागतेही. पण "हा आजार बायकांचा" असं मनात पक्कं असतं, शिवाय छाती दाखवायला लाज वाटते. आणि जागा अपुरी असल्यामुळे छोटी गाठही लवकर त्वचेपर्यंत किंवा खालच्या स्नायूपर्यंत पोहोचते. म्हणून पुरुषाच्या बाबतीत उशीर जास्त महागात पडतो.

छातीत लागलेली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, हेही सांगायला हवं. तरुण मुलांत किंवा काही औषधांमुळे स्तनग्रंथी वाढते. ती रबरासारखी लागते, स्तनाग्राच्या बरोबर मध्यभागी असते, बऱ्याचदा दुखते आणि अनेकदा दोन्ही बाजूंना असते. कर्करोगाची गाठ कडक, बहुधा एकाच बाजूला, मध्यापासून थोडी सरकलेली आणि न दुखणारी असते. न दुखणारी म्हणून निर्धास्त राहणं हीच इथली फसवी गोष्ट! नुसत्या हाताने मात्र खात्री होत नाही. पुरुषाचीही मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करता येते, आणि शेवटचा निर्णय सुईने तुकडा काढून केलेल्या बायोप्सीचा.

काकांच्या बायोप्सीत गाठ इस्ट्रोजेनवर वाढणारी निघाली. पुरुषांत जवळपास दहापैकी नऊ गाठी अशाच असतात. "माझ्यात बायकांचं हार्मोन कुठून आलं, डॉक्टर?" असं त्यांनी विचारलंच. ते प्रत्येक पुरुषात थोडं असतंच. मग शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन आणि त्यानंतर रोज टॅमॉक्सिफेनची गोळी, म्हणजे त्यांच्या बहिणीला हा आजार झाला असता तर जे उपचार दिले असते तेच. गोळीने अंगातून गरम वाफा येतात, कामेच्छा कमी होते, आणि पुरुष न सांगता ती बंद करतात. त्रास झाला तर आधी आम्हाला सांगा, असं मी त्यांना बजावलं. पायाला एका बाजूने सूज आली तर त्याच दिवशी या, हेही सांगितलं, कारण या गोळीने रक्ताच्या गुठळीचा धोका थोडा वाढतो.

पुरुषाला हा आजार झाला की आम्ही जनुकांची तपासणी सुचवतो. काकांच्या तपासणीत बीआरसीए-२ या जनुकात दोष सापडला. तो मुलामुलींकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून पुढच्या भेटीला त्यांच्यासोबत त्यांची मुलगी आणि मुलगा, दोघंही आले.