डिलीट केलं, पण जागा कुठेय?

"जुना डेटा काढला तर बिल किती कमी होईल?" मॅनेजर सरांचा प्रश्न एका ओळीचा होता. मी घाईने सांगितलं, "निम्मं." मग प्रपोजल लिहायला बसलो आणि घाम फुटला.

आमचा डेटाबेस १.४ टीबीचा. मीटिंगमध्ये सगळा वाद व्यवहारांवर झाला: किती वर्षांचे ठेवायचे, कुठे हलवायचे. प्रत्यक्ष टेबलांचे आकार काढून पाहिले, तर व्यवहार जेमतेम १५० जीबी. `api_log` हे एकटं टेबल ९०० जीबी! सत्तावीस महिन्यांपूर्वी कुणीतरी डीबगिंगसाठी प्रत्येक रिक्वेस्ट साठवायला सुरुवात केली आणि ते बंद करायचं राहून गेलं. (तो कुणीतरी मीच होतो. प्रपोजलमध्ये हे लिहिलं नाही.)

स्टेजिंगवर वर्षभराचे लॉग `DELETE` केले. रात्रभर चाललं. सकाळी डिस्क पाहिली, तर एक जीबीही सुटलेला नाही. मायएसक्यूएलचं इनोडीबी ओळी पुसतं, पण मोकळी झालेली जागा त्याच फाइलमध्ये पुढच्या ओळींसाठी ठेवून देतं. वहीतला मजकूर खोडला म्हणून वहीची जाडी कमी होत नाही, तसंच हे. `OPTIMIZE TABLE` ने फाइल आकसते, पण त्यासाठी टेबल नव्याने बांधलं जातं आणि तेवढ्या वेळापुरती जास्तीची जागा लागते. आमच्याकडे नेमकी तीच नव्हती.

म्हणून महिनावार पार्टिशन असलेलं नवं टेबल केलं, नवे लॉग त्यात वळवले आणि गरजेचे जुने महिने थोडे थोडे करून आणले. मूळ टेबल मग अख्खंच काढता येतं. पुढे दर महिन्याला एवढंच:

```sql
ALTER TABLE api_log DROP PARTITION p202401;
```

इथे पार्टिशनची फाइलच जाते, त्यामुळे जागा खरोखर सुटते.

गरजेचे महिने किती? सर्ट-इनच्या २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. मी आधी सहा महिने लिहिलं होतं. पण पार्टिशन महिन्याचं असतं, आणि चालू अर्धवट महिना धरून मोजलेले सहा महिने महिन्याच्या सुरुवातीला १८० दिवसही भरत नाहीत. म्हणून पूर्ण सात महिने ठेवले. ते साधारण २३० जीबी भरतात. उरलेले ६७० जीबी सुटतात.

व्यवहार पुसायचा प्रस्ताव मी काढूनच टाकला. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. दोन वर्षांपूर्वीचे व्यवहार स्वस्त साठवणीत हलवायचे, एवढंच ठेवलं. त्यातून जेमतेम साठ जीबी मिळणार होते.

अकाउंट्सच्या ताई मात्र अडून बसल्या. "मला त्यातली एक जुनी एन्ट्री परत आणून दाखव, मग सही करते." दाखवायला गेलो, तर व्यवहार आला, पण त्याचा रिफंड आला नाही. रिफंडचं टेबल वेगळं, आणि आर्काइव्हच्या यादीत ते मी घेतलंच नव्हतं. मूळ ओळी अजून जागेवर होत्या म्हणून निभावलं.

सही आठवडाभर लांबली. मॅनेजर सरांना नवा आकडा कळवला: निम्मं नाही, आणि या महिन्यात तर नाहीच.