छत्तीस नंबर, पण दंड किती?

रेडीमेड ब्लाऊज दुकानात घेतला तर निदान हातात धरून बघता येतो. मोबाइलवर चित्र पाहून मागवला की सगळी भिस्त त्या एका आकड्यावर: ३४, ३६, ३८. हा आकडा छातीचा असतो, हे बहुतेकींना ठाऊक असते. पण तो बाईच्या छातीचा की ब्लाऊजच्या, हे कुणी विचारत नाही आणि विकणाराही सांगत नाही. मग पार्सल परत येते, आणि जाण्या-येण्याचे भाडे विकणाऱ्याच्या अंगावर बसते.

आमचे वालूर सेलू तालुक्यातले. इथल्या गोल बारवेमुळे ते बऱ्याच जणांना माहीत आहे. माझी पुतणी इथून खणाचे ब्लाऊज ऑनलाइन विकते, शिलाईकाम माझ्याकडे. परत आलेल्या प्रत्येक पार्सलमागे तिचा ठरलेला सूर असे, “काकू, आणखी एक वापस आलं!” कारण म्हणून लिहिलेले असे एवढेच: ‘फिटिंग नाही’. एवढ्यावरून काय कळणार? म्हणून आम्ही एक वही केली. परत पाठवणारीला फोन करून तीनच गोष्टी विचारायच्या: कुठे अडले, घट्ट की सैल, नंबर कोणता.

महिन्याभरात वही बोलू लागली. छातीची तक्रार थोडी, दंडाची फार. आणि ती सगळ्याच नंबरांत. अशी वही वाचायची एक रीत आहे. तक्रार एकाच नंबरात असेल तर त्या नंबराच्या कापणीत दोष. एकाच नंबरात निम्म्या घट्ट म्हणतात आणि निम्म्या सैल, तर बायकांचे माप घेणे चुकते आहे, म्हणजे आपली सूचना नीट नाही. सगळ्याच नंबरांत एकाच जागी घट्ट, तर त्या जागेचे माप तक्त्यात लिहिलेच पाहिजे, आणि तरीही तक्रार थांबली नाही तर बेतच बदलला पाहिजे. नुसत्या शब्दांनी घट्ट बाही सैल होत नाही.

छाती ३६ असलेल्या दोन बायकांचे दंड सारखे असतातच असे नाही. शेतात काम केलेल्या बाईचा दंड निराळा, बाळंतपणानंतरचा निराळा. आपल्या देशातल्या माणसांची मापे एकत्र करून नंबर ठरवावेत म्हणून ‘निफ्ट’ या संस्थेने सहा शहरांत पंचवीस हजारांवर स्त्री-पुरुषांची मापे घेण्याचे काम हाती घेतले, ते याच अडचणीपायी. पण तक्ता कितीही चांगला असला तरी एका आकड्यात अख्खे अंग मावत नाही.

म्हणून आम्ही तक्ता असा लिहिला, की त्यातले आकडे बाईच्या अंगाचे, ब्लाऊजचे नव्हेत. वरच तसे स्पष्ट म्हटले. सैलपणा आम्ही आधीच धरलेला आहे, तुम्ही वेगळा मिळवू नका, हेही लिहिले. नाहीतर काहीजणी आपल्या मापात दोन इंच घालून नंबर निवडतात आणि पोते घातल्यासारखे दिसते. छातीशेजारी दंडाचा रकाना घातला: ३६ ला दंड बारा इंचांपर्यंत, ३८ ला साडेबारा, ४० ला तेरा.

माप कसे घ्यायचे तेही लिहावे लागते. टेप पाठीवर घसरू नये म्हणून दुसऱ्या कुणाला धरायला सांगा. ब्लाऊजच्या आत जे घालता तेच घालून मापा. श्वास रोखू नका. दंड मात्र मधोमध नको, जिथे बाही संपते तिथे मापा. पाच इंची बाही आणि दहा इंची बाही एकाच जागी घट्ट होत नाहीत. कापडी टेप जुनी असेल तर ती ताणलेली असते. मुलांच्या पट्टीशी एकदा पडताळून घ्या.

बऱ्याच जणींना अंग मापण्यापेक्षा नीट बसणारा जुना ब्लाऊज मापणे सोपे जाते. पण टक्स असलेला ब्लाऊज सपाट पसरत नाही, पुढचा भाग फुगून राहतो. म्हणून हुक काढून ब्लाऊज उघडा, आणि काखेखालून फिरवत हुकाच्या ओळीपासून आयच्या ओळीपर्यंत टेप न्या. आयची पट्टी हुकाखाली जाते, तो बाहेर आलेला भाग मोजायचा नाही. तो मोजला की इंचभर फरक पडतो आणि नंबरच चुकतो. हे माप ब्लाऊजचे आहे, म्हणून त्याच्यासाठी वेगळा रकाना ठेवावा.

आता मायेबद्दल. आम्ही लिहायचो, ‘आत माया सोडली आहे’. पण किती सैल होईल? आमच्या बाजूच्या शिवणीत एक इंच माया असते. शिवण टिकायला त्यातला अर्धा इंच राहिला पाहिजे, म्हणजे अर्धाच सोडता येतो. शिवणीत कापडाचे दोन पदर, आणि बाजू दोन. तेव्हा छातीला दोन इंच मिळतात. बाहीला मात्र शिवण एकच, म्हणून दंडाला फक्त एक इंच. हा हिशेब आम्ही तसाच लिहून टाकला.

उदाहरण घ्या. छाती ३६ आणि दंड साडेतेरा, अशा एका बाईने विचारले, कोणता नंबर घेऊ? ३६ चा दंड बारा, माया सोडून तेरा. अर्धा इंच कमीच पडला. ३८ चा साडेबारा, माया सोडून साडेतेरा, बरोबर बसला. म्हणजे ३८ घ्यायचा, बाहीची शिवण सोडायची आणि छातीला बाजूंनी दोन इंच आत घ्यायचे. काखेशी शिवण एकदम वळवू नये, हळूहळू तिरकी न्यावी, नाहीतर मुंढ्यात चुणी पडते. खांदा जरा रुंद वाटेल, आणि तो मायेने कमी होत नाही. ज्यांचे खांदे अरुंद त्यांनी हा उपाय करू नये, शिवूनच घ्यावा. आम्ही हे सांगतो, आणि प्रसंगी विक्री सोडून देतो. परतीच्या भाड्यापेक्षा ते स्वस्त पडते.

खालच्या सूचना तर दोन-तीन ओळींच्याच आहेत: ‘हा खण ताणत नाही. दोन नंबरांच्या मध्ये असाल तर मोठा घ्या. शिवण सोडल्यावर जुन्या टाक्याची रेघ काही दिवस दिसेल.’ चित्रातल्या मुलीने कोणता नंबर घातला आहे आणि तिची छाती व दंड किती, तेही लिहितो. ‘सर्वांना होईल’ हे वाक्य मात्र आम्ही काढून टाकले. त्याने कुणालाच काही कळत नाही.

आणखी एक. तक्ता खरा राहायचा तर माल तक्त्याप्रमाणे हवा. थरावर थर ठेवून कापताना खालचे थर सरकतात. म्हणून प्रत्येक खेपेतले पाच ब्लाऊज, वरचे, मधले, खालचे, टेपने मापून बघते. अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक निघाला तर ते बाजूला ठेवायचे आणि खऱ्या मापाच्या नंबरात घालायचे. परत येणारे ब्लाऊज थांबले नाहीत, पण वहीतला दंडाचा रकाना आता बराचसा कोरा असतो. सध्या गळ्याच्या खोलीबद्दल नोंदी येऊ लागल्या आहेत. पुढचा रकाना तोच.