कोनाड्यातले त्रिकोण

माझी बहीण सालेकशाला दिलेली. तिची मुलगी यंदा शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसते आहे. या परीक्षेचा दुसरा पेपर दीड तासाचा, प्रश्न ७५, त्यातले ५० बुद्धिमत्तेचे. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला सव्वा मिनिटही येत नाही. गेल्या खेपेला गेलो तेव्हा भाची वही घेऊन समोर बसली. "मामू, यात किती त्रिकोण आहेत? एकदा आठ येतात, एकदा नऊ."

आकृती साधी होती. एक मोठा त्रिकोण, वरचा शिरोबिंदू अ, पाया बक. अ पासून पायापर्यंत आत तीन रेघा. ती पेन्सिलीचं टोक फिरवून मोजत होती : हा एक, हा एक, आता हे दोन मिळून एक... अशा मोजणीत मध्येच एखादा निसटतो किंवा एखादा दोनदा येतो. आणि तो निसटला हे कळायला काही मार्ग नसतो, हा खरा त्रास. उत्तरपत्रिकेत गोल काळा केला की गेलं.

मी तिला म्हटलं, त्रिकोण विसर, फक्त पाया बघ. पायावर पाच बिंदू आहेत. त्यांना स्टेशनं समज : गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा, डोंगरगड. (मधली छोटी स्टेशनं सोडून देऊ, आपली गाडी तिथे थांबत नाही.) या आकृतीतल्या प्रत्येक त्रिकोणाला वरचं टोक अ हेच आहे, खाली तो पायाचा कुठला तरी तुकडा धरून बसलेला असतो. मग त्रिकोण मोजायचे म्हणजे पायावरचे प्रवास मोजायचे. कुठून कुठे, एवढंच.

गोंदियाहून निघालं तर पुढे चार ठिकाणी उतरता येतं. आमगावहून तीन, सालेकशाहून दोन, दरेकशाहून एक. मागे वळायचं नाही, कारण आमगाव ते गोंदिया हा तोच तुकडा आहे. ४ + ३ + २ + १, झाले १०. यात काही सुटत नाही, कारण प्रत्येक तुकड्याला डावं टोक असतंच. काही दोनदाही येत नाही, कारण डावं टोक एकच असतं.

शिकवणीतली मुलं याचंच सूत्र पाठ करतात : भाग गुणिले पुढची संख्या, भागिले दोन. ४ × ५ ÷ २ = १०. सूत्र बरोबर आहे, पण "चार" कशाचे हे विसरलं की घोटाळा होतो. आत रेघा तीन आहेत म्हणून ३ × ४ ÷ २ केलं तर ६ येतात. मोजायचे ते पायाचे भाग, आतल्या रेघा नव्हेत.

आता या आकृतीत एक आडवी रेघ घाला, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. तो दुसरा पाया झाला, त्यावर पुन्हा १०, एकूण २०. पण तीच रेघ डाव्या बाजूपासून निघून चौथ्या रेघेवरच थांबली असेल तर ती तीनच भाग ओलांडते. तिचे ३ + २ + १ म्हणजे ६, एकूण १६. रेघ कुठे संपते ते बोट ठेवून बघायचं. डोळा फसतो.

भाचीने मग वहीत स्वतःच एक आकृती काढली. अ पासून पायावर ड पर्यंत एकच रेघ, आणि ब पासून समोरच्या अक बाजूवर इ पर्यंत दुसरी. दोन्ही आत फ मध्ये छेदतात. "आता दोन टोकं झाली की!"

ही आकृती मला फार आवडली. कारण बइ ही रेघ तिरपी असली तरी अ कडून बघितलं तर तीही पायाच आहे : ती अब ला ब मध्ये, अड ला फ मध्ये, अक ला इ मध्ये गाठते. पाया समांतर असायची अट मुळात नाहीच, त्याने सगळ्या रेघा गाठल्या की झालं. प्रत्येक पायाचे दोन भाग, म्हणजे २ + १ = ३. असे दोन पाये, म्हणून अ हे टोक असलेले ६.

फरक इथून पुढे आहे. समांतर पाये एकमेकांना कधी भेटत नाहीत. बक आणि बइ मात्र ब मध्ये भेटतात, त्यामुळे अ ला न शिवणारे त्रिकोणही तयार होतात. दोन पाये आणि अ पासूनची एक रेघ : अड घेतली तर बफड, अक घेतली तर बइक. अब घेतली तर काहीच नाही, तिन्ही रेघा ब मध्येच गोळा होतात. ६ आणि २, एकूण ८.

तिने आठही नावं खाली लिहून काढली आणि ती जुळल्यावर ब पासून आणखी एक रेघ ओढली.