एक वाजून चौतीस मिनिटे



आज एका मुलीची छोटीशी गोष्ट सांगते. गोष्ट तिची आहे, पण त्यात एक चूक माझीही आहे. म्हणून ती लिहायला मला दोन वर्षं लागली.

तिचं नाव आपण वैष्णवी ठेवू. खरं नाव वेगळं आहे. आमच्या जिल्हा परिषद शाळेत ती माझ्याकडे चौथीला होती. पाढे तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखं, आणि प्रश्न विचारायला कधी घाबरायची नाही. पुढे बारावी सायन्स केलं आणि नीट परीक्षेची तयारी केली. तिचे वडील शेतकरी. घरात एवढं शिकलेलं दुसरं कोणी नाही, त्यामुळे काहीही विचारायचं असलं की त्यांचा फोन मला येतो. गावाकडे असंच असतं, एकदा शिकवलं की मॅडम कायमच्या.

नीट मे महिन्यातल्या रविवारी असते. आदल्या रात्री त्यांचा फोन आला.

"मॅडम, पेपर दोनचा आहे. नाशिकला दीडपर्यंत पोचलो तर चालेल ना?"

मी तेव्हा भाकरी करत होते. पटकन म्हणाले, "चालेल की. अर्धा तास आधी म्हणजे भरपूर झालं. आणि थोडं इकडेतिकडे झालं तरी सुरुवातीचा अर्धा तास आत घेतात."

माझ्या डोक्यात माझी डीएडची परीक्षा होती. आमच्या वेळी एक मुलगी वीस मिनिटं उशिरा आली होती, तरी तिला बसू दिलं होतं. मी प्रवेशपत्र बघितलं नाही. "प्रवेशपत्रावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा," एवढं साधं वाक्यही मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं मोटारसायकलवर निघाले. गावापासून नाशिक साधारण चाळीस किलोमीटर. सव्वाबाराला ते कॉलेजच्या गेटवर पोचले. वेळ भरपूर होता, म्हणून झाडाखाली बसून डबा खाल्ला. तिथे चार-पाच माणसंच होती. पोलीस नव्हते, रांग नव्हती, बैठक क्रमांकांचा फलकही नव्हता. वैष्णवीला जरा विचित्र वाटलं, पण वडील म्हणाले, "अजून लवकर आहे, येतील पोरं."

एक वाजता वॉचमनने विचारलं, "तुम्ही कशासाठी थांबलाय?" मग समजलं की त्याच संस्थेचं, जवळजवळ त्याच नावाचं दुसरं कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. केंद्र तिकडे होतं. नकाशात त्यांनी फक्त संस्थेचं नाव टाकलं होतं, खालचा पूर्ण पत्ता आणि पिनकोड जुळवून पाहिला नव्हता.

पाच मिनिटांत ते निघाले. द्वारका चौकात अडकले. खऱ्या गेटवर पोचले तेव्हा घड्याळात एक वाजून चौतीस मिनिटं झाली होती. गेट बंद होतं. पेपर सुरू व्हायला अजून सव्वीस मिनिटं होती.

मला फोन आला तेव्हा मागे वैष्णवीच्या रडण्याचा आवाज येत होता. वडील म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सांगा यांना." त्यांनी गेटच्या गजांतून फोन आत दिला. पलीकडे ड्युटीवरचे एक सर होते. आवाज शांत होता. मी म्हणाले, "सर, पेपर तर अजून सुरू पण झालेला नाही. चारच मिनिटं आहेत. लेकराचं वर्ष जाईल हो."

ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिक्षक आहात ना? मग तुम्हाला सांगतो. पेपर दोनला सुरू होतो, पण परीक्षा दीडलाच सुरू झालेली असते. आत येणाऱ्या प्रत्येकाचं प्रवेशपत्र आणि ओळखपत्र बघायचं, मेटल डिटेक्टरने तपासायचं, बायोमेट्रिक हजेरी घ्यायची. दीडला सगळी मुलं आपापल्या जागेवर हवीत. मग वर्गात सूचना आणि पुन्हा प्रवेशपत्राची तपासणी. पावणेदोनला सीलबंद प्रश्नपुस्तिका वाटायच्या. दोनला दहा कमी असताना सील उघडून उत्तरपत्रिका बाहेर काढायची, त्यावर माहिती भरायची. यात उशिरा येणाऱ्याला कुठे बसवू?"

मी गप्प झाले. ते पुढे म्हणाले, "आणि हिला घेतलं तर पाच मिनिटांनी येणाऱ्याला मी काय सांगू? दीडनंतर कोणालाही आत घेण्याचा अधिकार केंद्राला नाही. माझी स्वतःची मुलगी असती तरी नसता." मग जरा थांबून म्हणाले, "प्रवेशपत्रावर लिहिलेलं आहे मॅडम. एकदा वाचायला सांगा त्यांना."

संध्याकाळी मी ते प्रवेशपत्र पहिल्यांदा पाहिलं. त्यावर वेळा एक नव्हे, तीन होत्या. केंद्रावर हजर होण्याची वेळ दुपारी 12. गेट बंद होण्याची वेळ दुपारी 1:30. परीक्षेची वेळ दुपारी 2. आम्ही तिघांनीही फक्त शेवटची वाचली होती. पहिली वेळ गर्दी विभागण्यासाठी असते. मुलांना वेगवेगळे गट करून बोलावतात, म्हणजे तपासणीला रांग कमी लागते. ती थोडी चुकली तरी दीडच्या आत प्रवेश मिळतो. मधली वेळ मात्र शेवटची. तीच ओळ खरी परीक्षेची वेळ समजायची.

वैष्णवी तेव्हा फक्त एवढंच म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणाला होतात अर्धा तास चालतो." रागाने नाही म्हणाली. त्यामुळेच जास्त लागलं.

नंतर मी विचार केला, हा अर्धा तास माझ्या डोक्यात आला कुठून? आपण शिक्षक परीक्षेची कामं करतो, पण या नियमामागचं कारण सहसा कोणी सांगत नाही. जुन्या पद्धतीच्या लेखी परीक्षांत दोन नियम जोडीने चालायचे. पहिला, पेपर सुरू झाल्यावर अर्धा तास कोणी हॉलबाहेर जायचं नाही. दुसरा, उशिरा येणाऱ्याला पहिल्या अर्ध्या तासापर्यंत आत घ्यायचं. आतला कोणी बाहेर गेलेलाच नाही, म्हणजे बाहेरच्याला प्रश्न कळले असण्याची शक्यता कमी. म्हणून त्याला घेण्यात धोका नव्हता. दया म्हणून ठेवलेली ती सवलत नव्हती, तो हिशेब होता.

मोबाइल आला आणि हा हिशेब मोडला. माणूस आतच राहतो, पण प्रश्नपत्रिकेचा फोटो बाहेर जाऊ शकतो. मग उशिरा येणारा मुलगा कदाचित प्रश्न बघूनच आला असेल, अशी शंका घ्यावी लागते. म्हणून आता गेटच पेपर उघडण्याच्या आधी बंद होतं. आपल्या दहावी-बारावीच्या बोर्डाचंच बघा. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचायला दहा मिनिटं आधी मिळायची. 2023 पासून ती आधी देणं बंद झालं आणि तीच दहा मिनिटं शेवटी वाढवली. म्हणून सकाळचा तीन तासांचा पेपर 11 ते 2:10. पण मुलांना साडेदहालाच परीक्षा दालनात हजर राहायला सांगतात. बारीक बदल वाटतो, पण त्यामागचा विचार तोच आहे.

आणि एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक परीक्षेचा नियम सारखा नसतो. कुठे अर्धा तास चालेल, कुठे एक मिनिटही नाही. म्हणून "आमच्या वेळी असं होतं" हे उत्तर पालकांना द्यायचंच नाही, मग आपण कितीही अनुभवी असू. मी ते दिलं आणि एका मुलीचं वर्ष गेलं. केंद्र चुकलं हे खरं. पण मी दीडची मुदत ठामपणे सांगितली असती, तर ते डबा खायच्या आधीच गेटवर जाऊन विचारून आले असते, असं मला आजही वाटतं.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा फॉर्म भरला. प्रवेशपत्र आल्यावर ती ते घेऊन माझ्याकडे आली. आम्ही चौथीतल्या कालमापनाच्या गणितासारखा उलटा हिशेब मांडला. गेट दीडला बंद. तिला दिलेली वेळ साडेअकरा, म्हणून आपलं लक्ष्य साडेअकरा. रस्त्याला सव्वा तास, म्हणजे सव्वादहा. पंक्चर, ट्रॅफिक, काहीही होवो म्हणून अर्धा तास, म्हणजे पावणेदहा. गेट शोधायला पंधरा मिनिटं, म्हणजे घरातून साडेनऊला निघायचं. वडील हसून म्हणाले, "मॅडम, पेपर दोनचा आणि निघायचं साडेनऊला?" वैष्णवीच म्हणाली, "हो पप्पा. साडेनऊलाच."

शनिवारी ते नुसतं गेट बघायला नाशिकला जाऊन आले. केंद्राचा पूर्ण पत्ता आणि पिनकोड प्रवेशपत्राशी जुळवला. तिथे बॅरिकेड लावायचं काम चालू होतं, म्हणजे जागा बरोबर. पोस्टकार्ड आकाराचा फोटो घरीच चिकटवून ठेवला. सही मात्र केली नाही, कारण ती पर्यवेक्षकांसमोर करायची असते. हेही तिने वाचून मला सांगितलं, मला माहीत नव्हतं.

रविवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी तिचा मेसेज आला, "मॅडम, रांगेत आहे."

यंदा ती बीएएमएसच्या पहिल्या वर्षाला आहे. एमबीबीएस नाही मिळालं. ते एक वर्ष गेलं नसतं तर काय झालं असतं, हे मी तिला विचारत नाही, तीही बोलत नाही.

माझ्या वर्गात मात्र एक गोष्ट बदलली. शिष्यवृत्तीच्या मुलांची प्रवेशपत्रं आली की मी ती लगेच वाटून मोकळी होत नाही. प्रत्येक मुलाला ते मोठ्याने वाचायला लावते. कुठे जायचं, कोणत्या इमारतीत, हजर कधी व्हायचं, पेपर कधी. मग पाटीवर उलटा हिशेब. मागच्या वेळी एका पोराने विचारलं, "मॅडम, उशीर झाला तर घेतील का?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही. ये, आपण वाचून बघू."