प्रमाणपत्रातील एक रिकामी ओळ

आम्ही दोघे नवरा-बायको. आजार ह्यांना झाला, परंतु रजेचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला आणि तो लिहायला आम्हाला नऊ दिवस लागले. अर्ज तसा एका पानाचाच होता.

हे केंद्र सरकारच्या एका कचेरीत रोख खिडकीवर बसतात. नोकरी बावीस वर्षांची. मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला ह्यांची झोप गेली. पहाटे तीनला उठून अंथरुणावर बसून राहायचे. जेवण निम्म्यावर आले. खिडकीवर नोटांचे एकच बंडल तीन-तीन वेळा मोजायचे आणि तरी चुकायचे. एका महिन्यात दोनदा रोख कमी भरली. दोन्ही वेळा पैसे आम्ही घरातून भरले, तरी दुसऱ्या वेळी मेमो हातात पडलाच. आम्ही सरकारी रुग्णालयातील मनोविकार विभागात गेलो. डॉक्टरांनी तासभर विचारपूस केली, मरणाचे विचार येतात काय हेही सरळ विचारले, आणि नैराश्याचा आजार आहे असे सांगितले. गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, कधी सहाही लागतात, तोवर खिडकीवर बसू नका, असे त्यांनी बजावले. आठ-दहा दिवसांची रजा घेऊन भागणारे नव्हते.

अडचण उभी राहिली ती एका ओळीपाशी. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ प्रमाणे वैद्यकीय रजेसाठी नमुना ४ मधील प्रमाणपत्र लागते. त्यात डॉक्टर लिहितात की अमुक कर्मचारी अमुक आजाराने ग्रस्त आहे आणि इतके दिवस गैरहजर राहणे प्रकृतीसाठी आवश्यक आहे. आजाराची जागा रिकामी असते. आजाराचे स्वरूप आणि तो किती दिवस चालेल हे शक्य तितके स्पष्ट लिहावे, असे नियम १९ सांगतो.

ती जागा ताप लिहून भरा, असे धाकट्या दिरांनी सुचवले. त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते. खरे सांगायचे तर आम्हीही दोन दिवस त्याच विचारात होतो. कारण कचेरीतले बोलणे आम्हाला ठाऊक होते. ‘जागा मिळते, पण काम झेपत नाही’ हे वाक्य ह्यांनी बावीस वर्षांत किती वेळा पाठीमागून ऐकले असेल! त्यात मनोविकाराचा कागद गेला तर त्या बोलणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत. शिवाय मुलगी लग्नाची.

पण तापाचा हिशेब पुढे नेऊन पाहिला तेव्हा तो जमेना. दीड महिन्याचा ताप कोणाला पटेल? रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला शंका आली तर तो सिव्हिल सर्जनच्या दर्जाच्या सरकारी डॉक्टरकडे पुन्हा तपासणीला पाठवू शकतो. तिथे आजार खरा आहे काय आणि एवढी रजा लागते काय, दोन्ही पाहिले जाते. तिथे नैराश्य निघाले आणि कागदावर ताप असला, तर खरा रोगी खोटा ठरतो. आणि शेवटी कामावर परतताना नमुना ५ चे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र लागतेच. ते देणाऱ्या डॉक्टरने आधीची प्रमाणपत्रे पाहिल्याचे त्यात लिहिलेले असते. म्हणजे पहिल्या दिवशी लिहिलेला ताप शेवटच्या दिवसापर्यंत सांभाळावा लागणार, आणि तोही झोप हरवलेल्या माणसाने.

दुसरी वाट अर्जित रजेची. तिला आजाराचे नाव लागत नाही, घरगुती कारण चालते. पण कामाचा रेटा असला की साहेब ती नाकारू शकतात, आणि निवृत्तीच्या वेळी जास्तीत जास्त तीनशे दिवसांपर्यंत तिचे पैसे मिळतात. पंचेचाळीस दिवस त्यातून काढणे म्हणजे दीड महिन्याचा पगार पुढे सोडून देणे. उलट अर्धवेतनी रजा वर्षाला वीस दिवसांप्रमाणे साठत आली होती, खात्यावर दोनशे साठ दिवस होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परावर्तित करून घेतली तर पगार पूर्ण मिळतो, फक्त खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. पंचेचाळीसला नव्वद गेले तरी एकशे सत्तर उरत होते. हा आकडा आम्ही वहीच्या मागच्या पानावर दोनदा मांडला, कारण तेव्हा ह्यांचा स्वतःच्या बेरजेवर विश्वास उरला नव्हता.

तरीही पारडे खरे फिरले ते मेमोमुळे. आजार लपवला तर रोख कमी भरणे हा नुसता निष्काळजीपणा ठरणार होता. युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्याने आम्हाला २०२१ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समजावून दिला. केंद्रीय राखीव पोलीस दलातील रवींदर कुमार धारीवाल यांचा तो खटला. मानसिक अपंगत्व हे त्या वर्तनामागचे एक कारण असेल, तर शिस्तभंगाची कारवाई भेदभाव ठरू शकते, असे न्यायालयाने म्हटले. त्याच गृहस्थाने आम्हाला हवेत तरंगूही दिले नाही. २०१६ च्या कायद्यात जो मानसिक आजार अपंगत्वात धरला आहे, तो गंभीर स्वरूपाचा आहे. काही महिन्यांचे नैराश्य आपोआप त्यात बसत नाही. “पण वहिनी,” ते म्हणाले, “आजाराचा कागदच फायलीत नसेल तर उद्या बोलणार कशाच्या जोरावर?”

मग प्रश्न उरला, किती सांगायचे? डॉक्टरांना आम्ही तो तसाच विचारला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ प्रमाणे रोग्याची माहिती गुप्त ठेवणे त्यांना बंधनकारक आहे, तेव्हा कचेरीतून फोन आला तरी आपण तब्येतीबद्दल बोलणार नाही, असे त्यांनी सांगितले. मात्र आपण स्वतः दिलेल्या कागदाला पुढे कोण कुठे पाय फोडील, ते त्यांच्या हाती नव्हते. त्यांनी रिकाम्या जागी ‘नैराश्याचा आजार, उपचार चालू’ एवढेच लिहिले. तीव्रता, गोळ्यांची नावे, घरची हकीकत काही नाही. आधी तीस दिवस लिहिले आणि गरज पडली तर वाढवू म्हणाले.

अर्जात आम्ही कारण ‘प्रकृती अस्वास्थ्य’ असे घातले. प्रमाणपत्र वेगळ्या लखोट्यात बंद करून वर ‘गोपनीय’ लिहिले आणि ह्यांनी ते टेबलावरच्या कारकुनाकडे न देता साहेबांच्या हातात दिले. पोचपावती अर्जाच्या प्रतीवर घेतली. सेवापुस्तकातील रजेच्या हिशेबात तारखा आणि रजेचा प्रकार चढतो, आजाराचे नाव चढत नाही, ही गोष्ट आधी कळली असती तर आमच्या चार रात्री वाचल्या असत्या.

मेमोच्या उत्तरात एकच वाक्य वाढवले: त्या काळात मी आजारी होतो, उपचार सुरू आहेत, प्रमाणपत्र कार्यालयात दिले आहे. रजा पुढे पंधरा दिवस वाढली. सेहेचाळिसाव्या दिवशी हे नमुना ५ घेऊन हजर झाले. साहेबांनी त्यांना तीन महिने खिडकीवरून काढून नोंदणीच्या टेबलावर बसवले. ही मेहेरबानी की शिक्षा, यावर आमचे घरात अजून एकमत नाही. मेमोचे पुढे काही झाले नाही, भरलेले पैसेही परत मिळाले नाहीत.

लखोटा कोणी फोडला ते कळले नाही, पण कचेरीत चौघांना तरी ठाऊक झाले होते. त्यातला एकजण महिन्याभराने जेवणाच्या सुट्टीत ह्यांच्याजवळ येऊन बसला आणि हळूच विचारू लागला, “ते डॉक्टर कोणत्या वारी बसतात?”